कांदेपोह्यांचा विग्रह

फ्रीलान्सिंगचा पहिला नियम : महिन्याच्या वीस तारखेनंतर आलेल्या कुठल्याही कामाला नाही म्हणायचं नाही. त्यामुळे पुण्यातल्या एका एजन्सीचा फोन आला, 'इंग्रजीतून मराठी, फक्त चार पानं, शेतकऱ्यांसाठी फवारणीच्या सुरक्षिततेचं पत्रक, शुक्रवारपर्यंत हवंय', तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. चार पानं तर आहेत! मासकॉमला असताना आम्ही याहून मोठी प्रेस रिलीज चहा निवायच्या आत उलटवायचो.

तेव्हा मी लोहाऱ्याला मामाकडे गेले होते. (धाराशिव जिल्ह्यातलं नव्हे, यवतमाळला लागून असलेलं, एमआयडीसीवालं लोहारा.) बाहेर पाऊस, ओसरीवर खाट, मांडीवर लॅपटॉप. वर्क फ्रॉम होमची जाहिरात करावी असा सीन. आणि पहिल्याच पानावर, जाड अक्षरांत, हे शीर्षक :

कॉटन फील्ड पोस्ट-स्प्रे वर्कर री-एंट्री इंटरव्हल वॉर्निंग.

एका श्वासात म्हणून बघा. क्रियापद नाही, 'ऑफ' नाही, 'फॉर' नाही. डब्याला डबा जोडलेली शब्दांची मालगाडी. तुम्ही हसाल, पण तुमच्या इनबॉक्समध्येही अशा गाड्या रोज येतात. 'क्वार्टरली क्लायंट फीडबॅक रिव्ह्यू मीटिंग अजेंडा' ही त्यातलीच एक. तिथे अर्थ चुकला तर फार तर एक मीटिंग बोअर होते.

मी माझ्या परीने डब्याला डबा ठेवला. कॉटन म्हणजे कपाशी, फील्ड म्हणजे शेत, री-एंट्री म्हणजे पुनर्प्रवेश. पाच मिनिटांत तयार :

'कपाशी शेत फवारणीपश्चात कामगार पुनर्प्रवेश कालांतर इशारा.'

खरं सांगते, मला ते आवडलं होतं. कसं भारदस्त, सरकारी, टेक्निकल वाटत होतं! संध्याकाळी मामा वावरातून आला. कपाशीवर तुडतुडे पडले होते, दिवसभर फवारणी चालली होती. हातपाय धुऊन, कपडे बदलून तो चहाला बसला, तेव्हा मी उत्साहात त्याला शीर्षक वाचून दाखवलं. मामा बारावी पास आहे, पेपर रोज वाचतो. त्याने दोनदा वाचायला लावलं.

"पुनर्प्रवेश म्हंजे? हे शाळेच्या अ‍ॅडमिशनचं हाये काय?"

"नाही मामा, शेतात पुन्हा जाणं."

"मंग कामगार कायले? कामगार एमआयडीसीत असतात. वावरात मजूर येतात." चहाचा घोट घेऊन तो पुढे म्हणाला, "अन् कालांतर इशारा? कालांतरानं इशारा देतीन म्हंजे आता नाई, मंग कवातरी सांगतीन, असंच ना?"

बोंबला. जी सूचना 'आत्ता थांबा' सांगायला लिहिली होती, ती माझ्या मराठीत 'नंतर कधीतरी सांगू' अशी झाली होती.

हसून सोडून द्यावं असं हे गाव नाही. २०१७ च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात होते. ते पत्रकांच्या भाषेमुळे झालं, असं मी मुळीच म्हणणार नाही. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, एकात एक मिसळलेली औषधं, अंगावर संरक्षक कपडे नसणं अशी बरीच कारणं तेव्हा पुढे आली. पण त्या वर्षानंतर इथल्या माणसाच्या हातात सुरक्षिततेचा कागद द्यायचा आणि तो त्याला कळू नये, हे काही बरोबर नाही.

तेव्हा शुक्रवार विसरले आणि ती मालगाडी सोडवायला बसले. गंमत म्हणजे तिची किल्ली शाळेतच मिळाली होती. आठवीतल्या व्याकरणात. समास आणि त्याचा विग्रह!

आठवतंय? कांदेपोहे. विग्रह : कांदे घालून केलेले पोहे. 'कांद्याचे पोहे' नव्हे. 'घालून केलेले' हे मधले शब्द गळाले, म्हणून मध्यमपदलोपी समास. (पाच मार्क. शिवाय पुढे आयुष्यात कांदेपोह्यांचा कार्यक्रम वेगळाच.) देवघर म्हणजे देवाचं घर, पण पोळपाट म्हणजे पोळीचा पाट नव्हे, पोळी लाटण्यासाठीचा पाट. चोरभय म्हणजे चोराचं भय नव्हे, चोरापासून भय. वरून सगळे सारखे दिसतात, दोन शब्द चिकटलेले. आत मात्र कुठे 'चा', कुठे 'साठी', कुठे 'पासून' दडलेला असतो. आपल्याला तो सांगावा लागत नाही, कारण पोळपाट आपण पाहिलेला असतो.

इंग्रजीतली ही नामांची रांग म्हणजे असाच एक लांबच लांब समास, ज्यातले सगळे 'चा', 'साठी' आणि 'नंतर' गळालेले आहेत. ज्याने लिहिलं त्याला ते माहीत असतात, कारण त्याने तो पोळपाट पाहिलेला असतो. वाचणाऱ्याने पाहिलेला नसतो.

आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो. इंग्रजी रांगेत मुख्य शब्द शेवटी असतो, आणि आपल्याकडेही तसंच असतं. त्यामुळे रांग उलटी करावी लागत नाही. शब्दाला शब्द ठेवला की काम झाल्यासारखं वाटतं, वर संस्कृत शब्दांची फोडणी दिली की छानही दिसतं. पण मराठी उभी राहते ती प्रत्ययांवर, आणि नेमके तेच आपण टाकून दिलेले असतात. अर्थ न कळताही असं भाषांतर करता येतं. मीच केलं होतं की!

तर आता विग्रह. वही घेतली आणि शेवटून सुरुवात केली, कारण गाडीचं इंजिन शेवटी असतं.

शेवटचा शब्द वॉर्निंग. म्हणजे हे सगळं मिळून एक सूचना आहे. कशाची सूचना? इंटरव्हलची, म्हणजे मधे सोडायच्या वेळेची. कसली वेळ? री-एंट्रीची. इथे थांबले. री-एंट्री दिसतं नाम, पण ते खरं तर वेष बदललेलं क्रियापद आहे : पुन्हा आत जाणं. आणि क्रियापद सापडलं की त्याला तीन प्रश्न विचारायचेच. कोण जाणार? कुठे जाणार? केव्हा?

'कुठे' सोपं होतं : कपाशीच्या शेतात. 'केव्हा' म्हणजे पोस्ट-स्प्रे, फवारणीनंतर. तो डबा लागतोय 'वर्कर'ला, पण 'फवारणीनंतरचा मजूर' असा काही प्राणी नसतो. म्हणजे 'फवारणीनंतर' हे मजुराला नाही, आत जाण्याला जोडायचं. शेजारी उभा असलेला शब्द शेजाऱ्याचाच असतो असं नाही, हे गाडी सोडवताना सारखं तपासावं लागतं. दोन शब्द एकत्र धरून बघायचे, अर्थ लागला नाही तर सोडायचे आणि पुढच्याशी जोडून बघायचं.

मग पहिला खडक लागला. 'कोण'? वर्कर म्हणजे कोण? ज्याने फवारलं तोच, की दुसऱ्या दिवशी निंदायला येणाऱ्या बायाही? मालक स्वतः वर्कर आहे का? आईमागे वावरात येणारी पोरं? इंग्रजी शब्द हे काहीच सांगत नव्हता. मराठीत मात्र 'जाऊ नये' लिहायचं तर आधी 'कोणी' हे लिहावंच लागतं.

दुसरा खडक 'केव्हा'मध्ये होता. फवारणीनंतर म्हणजे फवारणी सुरू केल्यापासून की संपल्यापासून? चार एकर फवारायला दिवस जातो. म्हणजे मोजणीत अख्ख्या दिवसाचा फरक पडू शकतो.

हे दोन्ही प्रश्न डिक्शनरीत सुटणारे नव्हते. विग्रहाचा खरा फायदा हाच, की आपल्याला काय माहीत नाही हे तो दाखवून देतो. जिथे प्रत्यय सुचत नाही, तिथे अंदाज ठोकायचा नसतो, फोन करायचा असतो. मी एजन्सीला मेल टाकला. पलीकडून आधी 'इतकं डीप जायची गरज आहे का?' असं आलं. दोन दिवसांनी मूळ मजकूर लिहिणाऱ्यांकडून उत्तर आलं : वर्कर म्हणजे शेतात जाणारं कोणीही, घरची माणसं आणि मुलं धरून, आणि वेळ फवारणी संपल्यापासून मोजायची.

मग मराठी आपोआप झाली :

'फवारलेल्या कपाशीत ठरलेली वेळ संपेपर्यंत कोणीही जाऊ नये. वेळ फवारणी संपल्यापासून मोजा.'

एकही अवघड शब्द नाही. नाम होऊन बसलेलं क्रियापद पुन्हा क्रियापद झालं, एवढंच.

तिसऱ्या पानावर दुसरी गाडी उभी होती. ही छोटी, फक्त चार डबे : ओल्ड पेस्टिसाइड कंटेनर डिस्पोजल. छोट्या गाडीत धोका कमी असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. शेवटून : डिस्पोजल म्हणजे विल्हेवाट लावणं. कशाची? कंटेनरची, डब्याची. कसला डबा? औषधाचा. (पुस्तकात कीटकनाशक, पण मामाच्या तोंडी औषधच.) आणि ओल्ड? जुनं काय आहे, औषध की डबा?

इंग्रजीत दोन्ही अर्थ त्याच चार शब्दांत आरामात नांदतात. मराठीत नांदूच शकत नाहीत, कारण आपलं विशेषण रूप बदलतं. 'जुन्या औषधाचे डबे' म्हटलं तर औषध जुनं, 'औषधाचे जुने डबे' म्हटलं तर डबा जुना. 'न्या' लिहायचं की 'ने', एवढ्या एका अक्षराशी मराठी तुम्हाला थांबवते आणि विचारते, बोल, नक्की काय?

आणि त्या अक्षरावर पुढची सगळी कृती ठरते. डबा रिकामा झाला असेल तर त्यात साधारण पाव भाग पाणी घालून, झाकण लावून हलवायचं आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं. असं तीनदा. मग डब्याला भोकं पाडायची, म्हणजे कोणी त्यात पाणी किंवा तेल भरून ठेवणार नाही. पण डब्यात मुदत संपलेलं औषध शिल्लक असेल, तर हे अजिबात करायचं नाही. ते पंपात घालायचं नाही, नाल्यात ओतायचं नाही, विहिरीजवळ तर नाहीच. त्याचा मार्गच वेगळा. पत्रकात खाली तीनदा धुण्याची कृती दिली होती, त्यावरून कळलं की इथे रिकामे डबे अभिप्रेत आहेत. म्हणून 'जुने' हा शब्दच काढून टाकला आणि लिहिलं : 'औषधाचे रिकामे डबे कसे नष्ट करायचे'. रांग सुटत नसेल तेव्हा खालचा मजकूर वाचावा. शीर्षक लिहिताना हात आखडतो, कृती लिहिताना माणूस मोकळेपणाने सांगतो.

तिसरी गाडी तर दोनच डब्यांची. वेटिंग पीरियड. औषधांच्या लेबलवर हे शब्द असतातच, पुढे दिवसांचा आकडा. मी सवयीने 'प्रतीक्षा कालावधी' लिहिलं आणि विग्रह करायला गेले तर पुन्हा तोच प्रश्न. कोणी थांबायचं? कशासाठी? शेतात जायला थांबायचं, ते तर पहिल्या पानावर झालं. इथे थांबायचंय ते माल काढायला. शेवटची फवारणी आणि वेचणी किंवा तोडणी यांच्यात किमान इतके दिवस जायला हवेत, म्हणजे मालात विषाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त राहणार नाही. पहिली मुदत शेतात जाणाऱ्याच्या जिवासाठी, ही दुसरी माल वापरणाऱ्यासाठी. पहिली बहुधा तासांत, दुसरी दिवसांत. आणि एकाच पत्रकात दोघींना 'प्रतीक्षा कालावधी' म्हटलं, तर वाचणारा दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे समजणार. म्हणून दुसरीला लिहिलं : 'शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी वेचायचं'.

आता प्रत्येक समास फोडलाच पाहिजे असं नाही हं. नाहीतर माझ्यासारखं नवीन वेड लागलेलं माणूस बोंडअळीलाही 'बोंडात शिरून आतला भाग खाणारी अळी' करून ठेवायचं! बोंडअळी हा समास वावरातच जन्मला, तो पोळपाटासारखा पाहिलेला आहे, तो तसाच ठेवायचा. पांढरी माशी, फवारणी पंप, तसेच. माझी कसोटी साधी : ही जोडी लोक बोलताना आपणहून उच्चारतात का? उच्चारत असतील तर हात लावायचा नाही. ती फक्त कागदावरच भेटत असेल तर फोडायची.

विग्रहाची किंमतही मोजावी लागते. जागा वाढते. डिझाइनरचा फोन आलाच, "मॅडम, तुमचं हेडिंग चौकटीत बसत नाहीये." त्याचंही चूक नव्हतं. मग एक मधला मार्ग काढला. पहिल्यांदा पूर्ण वाक्य लिहायचं, त्यालाच एक छोटं नाव द्यायचं आणि पुढे सगळीकडे ते नाव वापरायचं. नाव ठेवलं 'शेतबंदी'. चराईबंदी आपल्याला माहीत असते, त्यामुळे हा समास ऐकताच उलगडतो. शिवाय चौकटीत मावतो.

एजन्सीतून आणखी एक शेरा आला : 'छान आहे, पण टेक्निकल वाटत नाही.' यावर मी बराच वेळ विचार केला. पहिलं भाषांतर टेक्निकल वाटत होतं आणि त्यात कोण, कुठे, केव्हा यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्यात ते सगळं होतं. मी तेवढंच लिहून पाठवलं. सुदैवाने शुक्रवार उलटून गेला होता आणि वाद घालायला कोणाकडे वेळ नव्हता.

पण एवढ्यावर मला खात्री वाटत नव्हती. मजकूर कळला का, असं विचारलं तर समोरचा 'हो' म्हणतोच. आपणही मीटिंगमध्ये म्हणतोच ना! म्हणून पाठवायच्या आधी मी मामाला पुन्हा बसवलं होतं. यावेळी 'कळलं का' विचारलं नाही. नवा मजकूर वाचून दाखवला आणि म्हटलं, "मामा, आता तू मला सांग, काय करायचं?"

त्या दिवशीही त्याने फवारलं होतं, राहिलेला तुकडा. मामाने कागद हातात घेतला. तक्त्यात त्याच्या औषधापुढे शेतबंदी २४ तास लिहिली होती. त्याने मनातल्या मनात बोटं मोजली.

"आज पाचले फवारणी झाली. म्हंजे उद्या पाचलोक कोनं जायचं नाई." मग जरा थांबून म्हणाला, "पन उद्या आठले तं बाया सांगितल्या हायेत निंदाले."

आठ म्हणजे पंधरा तास. मी काही बोलले नाही. मामीने आतूनच विचारलं, "मंग परवा बोलवा ना, काय बिघडते?" मामाने मोबाइल काढला, बायांच्या म्होरकीला लावला आणि म्हणाला, "उद्या नका येऊ. परवा या. औषध मारलं हाये, चोवीस तास वावरात जायचं नसते."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. मामाने पुन्हा सांगितलं, तेच, आणखी सोपं करून. त्यात पुनर्प्रवेश नव्हता, कालांतर नव्हतं, इशारा नव्हता. कोणी, कुठे, कधीपर्यंत, एवढंच होतं.

मी वही उघडून त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, आणि माझ्या शीर्षकातून आणखी दोन शब्द कमी केले.